नमस्कार केला, पण काम झालं का?

तायांनो, गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब संपला की हमखास कुणीतरी तहसीलच्या खेपांचा विषय काढतं. मग दोन मतं पडतात. एक म्हणते, "गोड बोललं की काम होतं, साहेबाला नमस्कार घालायचा, हसून बोलायचं." दुसरी म्हणते, "काही उपयोग नाही. मी हात जोडजोडून दमले, तरी तीन खेपा झाल्याच." दोघीही आपापला अनुभव सांगत असतात आणि दोघींचंही अर्धं अर्धं खरं असतं. या अंकाच्या पाठात आपण हाच प्रश्न घेऊ. खिडकीवरच्या कारकुनाला नमस्कार केल्याने काम खरंच सोपं होतं का? होत असेल तर किती, आणि कुठपर्यंत?

उदाहरणासाठी आपल्या गटांमध्ये नेहमी येणारं काम घेऊ. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून विधवा बहिणीला मिळणारं अनुदान. आपण बोलताना त्याला "निराधारचा पगार" म्हणतो. महिना 1,500 रुपयांचा हा आधार आहे आणि त्याचा अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत जातो. काही ठिकाणी तो आधी सेतू केंद्रात भरून घेतात. खिडकी कुठलीही असो, बोलण्याची रीत तीच.

कारकुनाच्या हातात काय असतं आणि काय नसतं

आधी एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. खिडकीमागे बसलेल्या माणसाच्या हातात काही गोष्टी असतात आणि काही अजिबात नसतात. आपल्या नमस्काराचा परिणाम होतो तो त्याच्या हातातल्या गोष्टींवरच.

त्याच्या हातात नसतं ते असं. या योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. तुमच्या दाखल्यावर 60,000 लिहिलं असेल, तर तुम्ही कितीही गोड बोला, कारकून तो आकडा बदलू शकत नाही. अर्ज मंजूर करायचा की नाही हे तालुक्याची समिती ठरवते. समितीची बैठक झालीच नसेल तर तोही थांबलेला आणि तुम्हीही थांबलेल्या. सर्व्हर बंद आहे, साहेब दौऱ्यावर आहेत, तलाठ्याचा चौकशी अहवाल आलेला नाही, ही कामं नमस्काराने हलत नाहीत.

त्याच्या हातात असतं तेही थोडं नाही. तुमचे कागद तो वरवर बघेल की एकेक पान उलटून बघेल, हे त्याच्या हातात असतं. तीन कागद कमी असतील तर तिन्ही आजच सांगेल, की आज एक, पुढच्या खेपेला दुसरा, असं करेल, हेही त्याच्याच हातात. "उद्या या" म्हणेल की "साहेब बुधवारी आहेत, बुधवारी या" म्हणेल, अर्ज ढिगाच्या खाली ठेवेल की लगेच नोंदवून घेईल, हेसुद्धा. आपल्या खेपा वाढतात किंवा कमी होतात त्या बहुतेक इथेच.

एका खेपेची किंमत काढून पाहा. समजा मजुरी 300 रुपये आणि एस.टी.चं जाऊन-येऊन भाडं 60 रुपये. तिकीट अर्धं झालं तरी मजुरी पूर्ण बुडते. म्हणजे एक खेप 360 रुपयांची. कागद एकदम न सांगता तीन वेळा सांगितले, तर दोन खेपा जास्तीच्या, म्हणजे 720 रुपये गेले. ज्या पगारासाठी धडपड चाललीय त्याचा जवळजवळ अर्धा महिना. म्हणून "सगळं एकदाच सांगा" हे कारकुनाकडून करवून घेणं, हा आपल्या नमस्काराचा खरा हेतू. अनुदान मंजूर करवून घेणं हा नव्हे.

नमस्कार कधी, कसा, किती

कार्यालयाची वेळ आधी लक्षात ठेवा. राज्य शासनाची कार्यालयं 2020 पासून आठवड्याला पाच दिवस चालतात, सोमवार ते शुक्रवार, सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. शनिवारची खेप फुकट जाते. दुपारी 1 ते 2 च्या दरम्यान जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी असते. डबा उघडता उघडता समोर कुणी आलं तर आपणही घरी कपाळाला आठ्या घालतो, तसंच तिथे होतं. बाजाराच्या दिवशी गर्दी जास्त. जमलं तर दुसऱ्या दिवशी आणि सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला जा.

खिडकीशी पोचलात की लगेच बोलू नका. समोरचा माणूस आकडे भरत असेल, शिक्के मारत असेल, तर तेवढं वाक्य, तेवढी ओळ पुरी होऊ द्या. त्याने मान वर केली की नमस्कार करा. काचेच्या पलीकडे आवाज पोचत नाही, म्हणून भोकाजवळ येऊन, ऐकू जाईल असं बोला. पदर तोंडाशी धरून बोललं की अर्धं वाक्य तोंडातच राहतं आणि "काय? काय?" सुरू होतं. चिडचीड तिथूनच होते.

शब्द कुठला? गावात आपण रामराम म्हणतो, जय भीम म्हणतो, सलाम म्हणतो, आदिवासी पाड्यावर जोहार म्हणतात. ही सगळी मानाची अभिवादनं आहेत आणि समोरचा ओळखीचा असेल तर ती खुशाल करा. अनोळखी खिडकीवर "नमस्कार साहेब" किंवा "नमस्कार मॅडम" हे सगळ्यांना चालतं. भाऊ, दादा, ताई हेही आपल्याकडे आदराचेच शब्द आहेत, आणि विदर्भात तर "भाऊ" म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. फक्त खिडकीमागच्या बाईला "ओ बाई" म्हणू नका. आपल्याला कुणी "ए बाई" म्हटलं की जसं लागतं, तसं तिलाही लागतं.

आणि किती? एकदाच. हात एकदा जोडायचे आणि खाली घ्यायचे. हात जोडूनच उभं राहिलं, "तुम्हीच आमचे मायबाप" असं सुरू केलं, की दोन गोष्टी होतात. एक, मागच्या रांगेत कुरकुर सुरू होते आणि कारकुनाला तुम्हाला लवकर बाजूला काढायची घाई होते. दुसरी गोष्ट जास्त वाईट. आपण हक्काचा अर्ज द्यायला आलोय हे आपणच विसरतो, आणि तोही विसरतो.

नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य

नमस्काराने आपल्याला मिळतो तो समोरच्याचा एखादा मिनिट. त्या मिनिटात आपण काय बोलतो त्यावर खरा फरक पडतो. बऱ्याच जणी इथेच चुकतात. नमस्कार झाला की गोष्ट पहिल्यापासून सुरू होते: "साहेब, मालक वारले दोन वर्षांमागं, दीर बघत नाही, पोरगा लहान, मागच्या महिन्यात आले होते तर तुम्ही नव्हता…" हे सगळं खरं असतं आणि दुःखाचंही असतं. पण कारकुनाला त्यातून समजत नाही की नवा अर्ज आहे, जुन्या अर्जाची चौकशी आहे, की चालू पगार बंद पडलाय. ही तीन वेगळी कामं आहेत, आणि कधी कधी तीन वेगळी टेबलं.

म्हणून नमस्काराला जोडून एकच वाक्य ठेवा. त्यात तीन गोष्टी असू द्या: मी कोण, कुठली, आणि आज काय करायला आले. "नमस्कार साहेब. मी अमुक गावची, विधवा अनुदानाचा नवीन अर्ज द्यायला आलेय. कागद क्रमाने लावलेत." एवढं बोलून कागद पुढे करायचे. साहेबाने विचारलं तर पुढचं सांगायचं.

"कागद क्रमाने लावलेत" हे नुसतं बोलायचं नाही, तसे लावून न्यायचे. वर अर्ज, त्यावर फोटो. त्याखाली नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मग वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि शेवटी बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. सगळ्या झेरॉक्स एकत्र टाचून घ्या, आणि असाच दुसरा संच आपल्यासाठी करा. मूळ कागद वेगळ्या पिशवीत ठेवा. ते दाखवायचे असतात, द्यायचे नसतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद शोधत बसलं की नमस्काराने मिळवलेला मिनिट तिथेच संपतो.

खरी सभ्यता हीच आहे, तायांनो. समोरच्याचं काम आपण हलकं केलं की त्याला ते न सांगताही कळतं. नुसत्या गोड शब्दांपेक्षा टाचून आणलेले कागद जास्त बोलतात.

एक उदाहरण पूर्ण चालवून पाहू

हे उदाहरण पाठासाठी रचलेलं आहे. तुमच्या तालुक्यात थोडं वेगळं घडेल, पण वळणं हीच असतील. आपल्या गटातली एक ताई, वय 42, नवरा वारला आहे. तिच्यासोबत गटातली एक मैत्रीण आहे. जिचं काम तीच बोलेल आणि मैत्रीण वहीत लिहून घेईल, असं त्यांनी एस.टी.तच ठरवलंय.

"नमस्कार मॅडम. मी विधवा अनुदानाचा नवीन अर्ज द्यायला आलेय. कागद क्रमाने लावलेत."

मॅडम न बघताच म्हणतात, "उत्पन्नाचा दाखला आहे का?"

"आहे मॅडम, पाचवा कागद."

मॅडम दाखला बघतात. "हा मागच्या वर्षीचा आहे. मुदत संपली. नवीन आणा."

आता इथे बहुतेक जणी "बरं मॅडम" म्हणतात आणि घरी येतात. वागणं नम्र झालं, पण एक खेप वाढली. पुढच्या खेपेला दुसरी चूक निघायची शक्यता आहेच. आपली ताई खिडकी सोडत नाही. ती म्हणते, "बरं मॅडम, नवीन काढते. तोवर बाकीचे कागद एकदा बघता का? म्हणजे सगळं एकाच खेपेत पुरं करून आणते."

हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे. त्यात भांडण नाही आणि माघारही नाही. मॅडमचाही त्यात फायदा आहे, कारण तीच बाई तीन वेळा खिडकीशी यावी असं त्यांनाही वाटत नसतं. मॅडम पानं उलटतात. "मृत्यूच्या दाखल्यावर पत्नीचं नाव सुमन आहे, आधारवर सुमनबाई. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्र जोडा." ही दुसरी चूक आज निघाली नसती तर पुढच्या खेपेला निघाली असती. मैत्रीण वहीत दोन ओळी लिहिते: उत्पन्नाचा नवीन दाखला, नावातल्या फरकाचं स्वयंघोषणापत्र. लिहून झालं की ती मोठ्याने वाचून दाखवते, "मॅडम, हे दोनच ना?" मॅडम मान हलवतात.

नमस्काराने इथे काय केलं? दाखल्याची मुदत वाढली नाही. नावातला फरकही गेला नाही. पण दुसरी चूक पहिल्याच दिवशी कळली आणि 360 रुपये वाचले. नमस्काराचं काम एवढंच आणि ते थोडं नाही.

दुसऱ्या खेपेला ताई दोन्ही कागद घेऊन जाते. "नमस्कार मॅडम. मागच्या वेळी तुम्ही दोन कागद सांगितले होते, दोन्ही आणलेत." मॅडम अर्ज घेतात आणि बाजूला ठेवतात. "ठीक आहे, या तुम्ही."

पोच मागणं म्हणजे अविश्वास नव्हे

सगळ्यात अवघड जागा हीच. समोरचा माणूस चांगलं बोलला, अर्जही घेतला. आता पोच मागायची म्हणजे आपण त्याच्यावर संशय घेतोय, असं मनाला वाटतं. "एवढं चांगलं बोलले ते, आता शिक्का कशाला मागू?" म्हणून कित्येक जणी तशाच परत येतात. सहा महिन्यांनी चौकशी केली की उत्तर मिळतं, "तुमचा अर्जच आलेला नाही." तोवर त्या मॅडमची बदली झालेली असते. नव्या माणसाला तुमचा नमस्कारही आठवत नाही आणि अर्जही. चांगलं बोलणं माणसाबरोबर जातं, शिक्का कागदावर राहतो.

पोच मागायची सोपी रीत आहे. आपला दुसरा संच पुढे करायचा आणि म्हणायचं, "मॅडम, या प्रतीवर पोच द्याल का? गटाच्या वहीत नोंद करायची आहे." ही सबब नाही, खरंच नोंद करायची आहे. पोच म्हणजे चार गोष्टी: कार्यालयाचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. नुसता गोल शिक्का असेल तर तारीख आणि क्रमांक टाकून घ्या. अर्ज संगणकावर भरला असेल तर अर्ज क्रमांक छापलेली पावती मिळते, तीच पोच. ती तिथेच वाचा, नाव आणि गाव बरोबर आहे ना बघा.

कधी उत्तर येतं, "इथे पोच देत नाही." मग चिडायचं नाही आणि मागेही फिरायचं नाही. विचारायचं, "मग टपाल कुठे घेतात, मॅडम?" प्रत्येक कार्यालयात आलेले कागद नोंदवणारं आवक-जावकचं टेबल असतं. तिथे अर्ज द्या आणि तिथली पोच घ्या. तिथेही नाही म्हटलं तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. कागद पोचल्याचा पुरावा पोस्टाकडे राहतो.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे अर्जाची चौकशी करायला जाताना, ही पोच हातात ठेवा. तेव्हाचं पहिलं वाक्य असं: "नमस्कार साहेब. आवक क्रमांक 214, तारीख 12 जून, विधवा अनुदान. हा अर्ज पुढच्या बैठकीत ठेवलाय का?" क्रमांक सांगितला की वही उघडून लगेच सापडतं. नाव सांगितलं तर एका नावाच्या दहा बाया निघतात. आणि "झालं का काम?" असं विचारलं की "चालू आहे" हेच उत्तर येतं. "बैठकीत ठेवलाय का, बैठक कधी आहे?" असं विचारलं की त्याला तारीख सांगावी लागते, किंवा अर्ज कुठे अडकलाय ते सांगावं लागतं. अर्ज तलाठ्याच्या अहवालासाठी थांबला असेल तर तहसीलच्या खिडकीवर पुन्हा येण्यात अर्थ नाही, गावातच तलाठ्याला गाठायचं.

नमस्कार घेतलाच नाही तर

हेही खरं बोलायला हवं. तोच नमस्कार, तेच शब्द, पण एकीचा घेतला जातो आणि दुसरीचा नाही. अंगावरची साडी, बोली, आडनाव, पाड्यावरून आलेली आहे की शहरातून, यावरून काही खिडक्यांवर वागणूक बदलते. विधवा बाईला तर नको ते प्रश्नही विचारले जातात. मग बाई स्वतःलाच दोष देते, "मलाच बोलता येत नाही." तसं नसतं. आपण नीट बोललो आणि समोरचा नीट वागला नाही, तर तो त्याचा दोष.

अशा वेळी आवाज चढवू नका, पण जागाही सोडू नका. तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात बोला. मग विचारा, "साहेब, या कामाचे अधिकारी कोण आहेत? मी त्यांना भेटते." शाखेचे अव्वल कारकून असतात, त्यांच्या वर नायब तहसीलदार असतात. त्यांना भेटणं म्हणजे चुगली नव्हे. सोबत गटातली एक जण असू द्या. एका अर्जासाठी दहा जणी गेल्या की मोर्चा आलाय असं वाटतं आणि दार बंद होतं. दोघी पुरेशा.

काही कार्यालयांत भिंतीवर फलक असतो, शासकीय कामात अडथळा आणल्यास गुन्हा दाखल होईल. तो वाचून काही जणी प्रश्नच विचारत नाहीत. त्या फलकाचं कलम मारहाण आणि धाकदपटशा यासाठी आहे. शांतपणे प्रश्न विचारणं, पोच मागणं, अधिकाऱ्याचं नाव विचारणं हा अडथळा नाही.

त्याच भिंतीवर दुसरा फलक शोधा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या सेवा, त्यांची मुदत, फी, ते काम करणारे पदनिर्देशित अधिकारी आणि अपील ऐकणारे अधिकारी यांची यादी लावायची असते. उत्पन्नाचा दाखला या कायद्यात येतो. मुदतीत दाखला मिळाला नाही, किंवा नाकारला, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. त्यासाठी लागते ती अर्जाची पोच आणि तारीख. दुसरा एक कायदा 2005 चा आहे, बदल्या आणि कामातला विलंब यांबद्दलचा. त्याप्रमाणे साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. म्हणून "फाइल सध्या कुणाच्या टेबलावर आहे आणि कधीपासून?" हा प्रश्न नम्र आहे आणि वजनदारही आहे.

नम्रपणा कुठे नडतो

दोन ठिकाणी सांभाळा. पहिलं म्हणजे भेटवस्तू. "साहेबांना गावचे शेंगदाणे नेते, लोणचं नेते" असं आपल्याला सहज वाटतं. आपल्याकडे रिकाम्या हाताने जायची रीत नाही. पण ही पाहुणकीची जागा नव्हे. काम होण्याआधी दिलेली वस्तू पुढच्या बाईसाठी रिवाज होऊन बसते. तिच्या घरी शेंगदाणे नसतील तर तिने काय न्यायचं?

दुसरं, पैशाची मागणी. "चहापाण्याचं बघा" असं कुणी म्हटलं तर तिथे लाजून हसू नका. हसणं म्हणजे होकार समजला जातो. सरळ आणि सभ्य प्रश्न विचारा: "साहेब, किती फी आहे? त्याची पावती मिळेल ना?" खरी फी असेल तर पावती मिळते. नसेल तर बोलणं तिथेच थांबतं. मागणी चालूच राहिली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. आधी गटात बोला, तारीख आणि वेळ वहीत लिहा, मग फोन करा.

काम झाल्यावर काय म्हणायचं? "लई उपकार झाले" म्हणू नका, अनुदान त्यांच्या खिशातून आलेलं नाही. पण कुणी एकाच वेळी सगळे कागद सांगितले, वेळ काढून वाचून दाखवलं, तर ते जरूर सांगा: "मॅडम, तुम्ही एकदाच सगळं सांगितलंत म्हणून माझी खेप वाचली. येते मी." त्यांनी कुठलं काम चांगलं केलं ते त्यांनाही कळतं, आणि पुढच्या बाईलाही तसंच सांगायची आठवण राहते.

पुढच्या बैठकीत करून पाहा

हा पाठ नुसता वाचून सोडू नका. बैठकीत अर्धा तास काढा. एक जण कारकून होईल, एक जण अर्जदार आणि एक जण वही लिहिणारी. कारकून झालेलीने पहिल्या वेळी चांगलं बोलायचं, दुसऱ्या वेळी मान वर न करता "उद्या या" म्हणायचं, तिसऱ्या वेळी पोच नाकारायची. अर्जदाराने तिन्ही वेळा नमस्कार आणि पहिलं वाक्य एका दमात बोलायचं. बाकीच्यांनी बघायचं की तिने कागद कधी पुढे केले, बाकीचे कागद बघायला सांगितलं का, आणि पोचेशिवाय परत फिरली का. मग जागा बदला. कारकुनाच्या जागी बसलं की गोष्ट पहिल्यापासून ऐकताना कसं वाटतं, तेही कळतं.

गटाच्या वहीत एक पान सरकारी कामांसाठी ठेवा आणि त्यात सहा रकाने पाडा: सदस्याचं नाव, काम, कार्यालय, अर्जाची तारीख, आवक क्रमांक, आणि पुढची खेप कधी व कशासाठी. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हे पान वाचा. ज्या ओळीत आवक क्रमांकाचा रकाना रिकामा असेल, तिथे नमस्कार झालाय पण अर्ज अजून कार्यालयात पोचला असं धरू नका. त्या ताईसोबत पुढच्या खेपेला एक जण द्या.